जेल नेलपेंट ओढून काढताय? थांबा!

समजा, तुम्ही सोनाळ्यात राहता. ताईचं लग्न चार दिवसांवर आलंय आणि ऑनलाइन मागवलेलं जेल नेलपेंटचं किट आजच घरी पोचलंय. बेस कोट, दोन रंग, टॉप कोट आणि कॉम्प्युटरच्या माउसएवढा छोटासा यूव्ही लॅम्प. रील बघून तुम्ही एकच जाडजूड कोट मारता, बोटं लॅम्पखाली धरता आणि मिनिटभरात नखं चकाचक. झालं की!

गडबड इथेच होते. साधं नेलपेंट हवेवर सुकतं. जेल सुकत नाही. त्यातली अ‍ॅक्रिलेट नावाची रसायनं लॅम्पच्या प्रकाशात एकमेकांना जोडली जातात आणि त्यांचा कडक थर बनतो. कोट जाड असेल किंवा लॅम्प कमजोर असेल, तर प्रकाश खालपर्यंत पोचतच नाही. मग घाईत भाजलेल्या भाकरीसारखं होतं, वरून झालेली, आतून कच्ची.

हे कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. बोटांची टोकं खाजतात, लाल होतात, त्यांना भेगा पडतात. कधी नख खालून सुटतं. हात चेहऱ्याला लागतो म्हणून पापण्याही सुजतात. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये घरगुती किट वापरणाऱ्यांना याबद्दल खास सावध केलं होतं. ही अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, आणि याच जातीची रसायनं दातात भरायच्या सिमेंटमध्येही असतात. म्हणजे प्रश्न फक्त नेलपेंट सोडून देण्याचा राहत नाही.

म्हणून एका जाड कोटऐवजी दोन-तीन अगदी पातळ कोट लावा. जेल कडेच्या कातडीवर गेलं, तर लॅम्पखाली हात घालण्याआधीच लाकडी काडीने पुसून घ्या. प्रत्येक कोटला बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ द्या आणि शक्यतो त्याच कंपनीचा लॅम्प वापरा. अंगठा आडवा पडतो, त्यामुळे तो वेगळा धरा. मधेच लाईट गेली तर हात उन्हात धरू नका, जेल अर्धवटच कडक होईल. तो कोट पुसून टाका.

शेवटी टॉप कोट थोडा चिकट लागला तर घाबरू नका, बऱ्याच जेलवर असा थर राहतोच. तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला जातो. पण पुसल्यावरही दाबून खळगा पडला, सुरकुती आली किंवा रंग सरकला, तर आतलं जेल कच्चंच आहे.

आता लॅम्पचं. त्यातून यूव्हीए किरण निघतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशी २० मिनिटं अशा लॅम्पखाली ठेवल्या, तेव्हा त्यातल्या २० ते ३० टक्के मेल्या. अर्थात, त्या ताटलीतल्या उघड्या पेशी होत्या. तुमच्या हातावर कातडीचं कवच आहे आणि एका वेळी हात मिनिटभरच आत असतो. म्हणून यावरून कॅन्सर होतोच असं म्हणता येत नाही. तरी २० मिनिटं आधी हातांना सनस्क्रीन लावा, किंवा बोटांची टोकं कापलेले जाड हातमोजे घाला. पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. ही गोळी घेताना यूव्हीमुळे नख खालून सुटू शकतं.

लग्न झालं, पंधरा दिवस गेले, एका कडेने जेल उचललं गेलं. बोटं आपोआप तिथे जातात आणि सालपट ओढलं जातं. हेच नको! जेलसोबत नखाचेही पापुद्रे निघतात. मग नख पातळ, पांढरं, खरखरीत होतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला सहा महिने लागतात.

त्यापेक्षा फाइलने फक्त वरची चमक घासून काढा, नखापर्यंत जाऊ नका. कडेच्या कातडीला व्हॅसलीन लावा. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइलने गुंडाळा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ रिमूव्हरने हे जमणार नाही, बाटली बघून घ्या. भिजलेलं जेल सुटून वर येतं, ते लाकडी काडीने हलकेच सरकवा. जोर लावावा लागला तर परत पाच मिनिटं गुंडाळा. शेवटी हात धुऊन खोबरेल तेल चोळा.

एक लक्षात ठेवा, अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं. हे काम चुलीजवळ, गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्यापाशी करू नका, खिडकी उघडी ठेवा. आणि बोटं खाजायला लागली तर नवा रंग लावून झाकू नका. किट बाजूला ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.