नफा 12 लाख, गल्ला रिकामा

समजा, लातूरच्या एका डाळ व्यापाऱ्याला वर्षाला 12 लाख नफा झाला, तरी हमाली द्यायला पैसे नाहीत. रोख प्रवाह पत्रकात नफ्याखालच्या ओळी वाचा. (घसारा, कर, व्याज सध्या बाजूला ठेवू.) ग्राहकांकडची येणी 18 लाखांनी वाढली: माल गेला, बिल झालं, नफा धरला गेला, पैसा मात्र आलाच नाही. गोदामातल्या साठ्यात आणखी 9 लाख अडकले. पुरवठादारांची उधारी 5 लाखांनी वाढली, तेवढाच आधार. म्हणजे धंद्यातून उणे 10 लाख. हा खड्डा बँकेच्या कॅश क्रेडिटने भरला. ती रक्कम खाली वित्तपुरवठ्याच्या भागात दिसते.

मला धास्ती येण्यांची वाटते. विक्री 10 टक्के आणि येणी 40 टक्के वाढली, तर वसुली लांबते आहे. तेव्हा 90 दिवसांपलीकडच्या बिलांची ग्राहकवार यादी आधी काढावी.