'सर, सीआरओ बिघडलाय'

बीएस्सीच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपला सगळे अजूनही 'सीआरओ'च म्हणतात. रिपोर्टची तारीख जवळ आली की सरांना मेल जाते: 'सीआरओ चालत नव्हता, मुदत द्यावी.' एवढ्यावर सरांना काहीच ठरवता येत नाही. लहर पडद्यावर थांबत नसेल, तर बहुतेक वेळा ट्रिगरचं बटण हललेलं असतं. नुसती आडवी रेघ दिसत असेल, तर इनपुटचा स्विच 'ग्राउंड'वर राहिलेला असू शकतो. यांपैकी कशालाच बिघाड म्हणत नाहीत, आणि अशा मेलवर सरांना पहिली शंका याचीच येते.

खरा बिघाड बऱ्याचदा गुपचूप असतो. लहर सुरेख, स्थिर दिसते. चुकतो तो फक्त आकडा. समजा, दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी ध्वनीचा वेग मोजते आहे. 40 किलोहर्ट्झचा अल्ट्रासॉनिक ट्रान्समीटर, समोर पट्टीवर सरकणारा रिसीव्हर आणि दोघांच्या लहरी एकाच पडद्यावर. रिसीव्हर मागे सरकवला की त्याची लहर ट्रान्समीटरच्या लहरीपासून ढळते आणि एक तरंगलांबी पुरी झाली की शिखराखाली शिखर पुन्हा जुळतं. अशा दहा जुळण्यांसाठी रिसीव्हर 86.5 मिलिमीटर सरकला, म्हणजे तरंगलांबी 8.65 मिलिमीटर.

वारंवारिता मात्र पडद्यावरच्या चौकटी मोजून काढायची. एक चौकट 5 मायक्रोसेकंदांची, आणि एक पूर्ण लहर 4.4 चौकटींत बसलेली. म्हणजे 22 मायक्रोसेकंद, वारंवारिता सुमारे 45.5 किलोहर्ट्झ आणि ध्वनीचा वेग सेकंदाला 393 मीटर. खोलीत तापमान 25 अंश. त्या हवेत हा वेग 346 च्या आसपास असायला हवा. 393 यायला हवा शंभर अंशांच्याही वर तापवावी लागेल.

इथे घाईचा विद्यार्थी 'प्रायोगिक त्रुटी' असं लिहून मोकळा होतो. हिने प्रोब काढून सीआरओच्याच 'कॅल' टोकाला लावला. तिथे यंत्र स्वतःच 1 किलोहर्ट्झची चौकोनी लहर पुरवतं. एक चौकट 0.2 मिलिसेकंदांची ठेवली, तर एक लहर बरोबर 5 चौकटींत बसायला हवी. इथेही ती बसली 4.4 चौकटींतच. टाइम-बेसवरचं छोटं 'व्हेरिएबल' बटण कॅलिब्रेटेड जागेवरून हललं असेल तर लहर अशीच आक्रसते, म्हणून तेही पाहिलं. ते जागेवरच होतं. प्रोब बदलला, दुसरं चॅनल लावलं, तरी 4.4. शेजारच्या टेबलावरच्या सीआरओवर मात्र तोच प्रोब 5 चौकटी दाखवत होता. दोन वेगवेगळ्या रेंजवर चूक एकाच प्रमाणात येते, म्हणजे संशय एखाद्या रेंजच्या भागावर न जाता आडव्या ॲम्प्लिफायरसारख्या सामायिक भागावर जातो. पण ते निदान तंत्रज्ञाचं.

मग तिची मेल साधारण अशी झाली:

'सर, टेबल 3 वरच्या सीआरओचा टाइम-बेस चुकीचा दिसतो आहे. कॅलची 1 किलोहर्ट्झची लहर 5 ऐवजी 4.4 चौकटींत येते. व्हेरिएबल बटण कॅलिब्रेटेड जागेवर आहे. प्रोब आणि चॅनल बदलून पाहिलं, फरक पडला नाही. टेबल 4 वर तोच प्रोब 5 दाखवतो. पडद्याचे दोन्ही फोटो जोडले आहेत. तरंगलांबीची रीडिंग्ज पट्टीवरून घेतली आहेत, ती तशीच ठेवते. फक्त वारंवारिता पुन्हा मोजायची आहे. त्यासाठी गुरुवारच्या बॅचनंतर अर्धा तास टेबल 4 मिळेल का? रिपोर्ट शुक्रवारऐवजी सोमवारी देऊ का?'

मेलमधलं सर्वांत वजनदार वाक्य तरंगलांबीचं आहे. शिखरं जुळली की नाही हे डोळ्याला दिसतं आणि अंतर पट्टी सांगते. दोन्ही लहरी सारख्याच आक्रसल्या तरी जुळायच्या जागी त्या जुळतातच. त्यामुळे अख्खा प्रयोग बाद झालेला नाही, हे तिने सरांच्या आधी ओळखलं, आणि म्हणूनच मागणी अर्ध्या तासावर आली. 'सगळं पुन्हा करावं लागेल' असं लिहिलं असतं तर आठवडा मागावा लागला असता, आणि सरांनी विचारलं असतं, 'का बरं?'

एक मोह तिलाही झाला असणार. 45.5 ला 0.88 ने गुणलं की नेमके 40 येतात! हे गणित खोटं नाही. कॅलचं रीडिंग त्याच बैठकीत घेतलं असेल आणि दुरुस्तीचा गुणक रिपोर्टात उघड मांडला असेल, तर काही शिक्षक तेवढ्यावर मुदत न वाढवताही रिपोर्ट स्वीकारतील. पण बिघडलेला टाइम-बेस तापल्यावर सरकतही असतो; तासाभराने कॅलच्या लहरीने 4.6 चौकटी दाखवल्या, तर कुठल्या गुणकाने गुणायचं? शिवाय 40 हे उत्तर ट्रान्समीटरवर छापलेलंच असतं. गुणून नेमकं तेच आणलेलं पाहून सर आधी तिची वही मागवतील आणि कॅलच्या रीडिंगपुढे वेळ लिहिली आहे का, ते बघतील.