टी-पेशींचा सुटलेला ब्रेक

घसा बरा झाला की मानेतील सुजलेली गाठ ओसरते, कारण रोगग्रस्त पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, म्हणजे टी-पेशींना, आवरणारी यंत्रणा शरीरात असते. पीडी-१ हे त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिन असाच एक ब्रेक आहे. कर्करोगाच्या अनेक गाठी नेमका हाच ब्रेक दाबून धरतात. निव्होलुमॅब हे प्रतिपिंड पीडी-१वर बसून तो दाब रोखते आणि थबकलेल्या टी-पेशी पुन्हा गाठीवर तुटून पडतात. मात्र औषध रक्तावाटे सर्वत्र पोहोचत असल्याने निरोगी आतड्याला वाचवणारा ब्रेकही सुटून आतड्याचा दाह होऊ शकतो. म्हणूनच उपचार थांबून काही महिने उलटल्यावरही लागलेले वारंवार जुलाब अन्न बाधल्याचे समजून अंगावर काढणे धोक्याचे असते. संसर्गाची तपासणी करून अशा दाहावर बहुधा स्टेरॉइड दिले जाते आणि ते काही आठवड्यांत हळूहळू कमी केले जाते.