उलटा तुकडा, सरळ आईबाबा आणि बाळाचा हिशोब

आजचा प्रश्न असा: गुणसूत्राचा एक तुकडा जागच्या जागी उलटा बसलाय, पण माणूस ठणठणीत आहे. मग त्याच्या बाळाला त्रास का व्हावा?

कागद घ्या. साधं गुणसूत्र लिहा: क ख ● ग घ. ठिपका म्हणजे सेंट्रोमियर, पेशी विभागताना दोर जिथे बांधला जातो ती जागा. आता मधला भाग उलटवा: क ग ● ख घ. सगळी अक्षरं आहेत, म्हणून माणूस ठीक असतो. उलटलेल्या भागात ठिपका आला, म्हणून हे पेरिसेंट्रिक इन्व्हर्जन. ठिपका बाहेर राहिला असता तर पॅरासेंट्रिक.

घोळ होतो तो अंडपेशी किंवा शुक्रपेशी बनताना, मिओसिसमध्ये. तिथे जोडीतल्या गुणसूत्रांना अक्षराला अक्षर लावून बसायचं असतं. एक सरळ, एक उलटं, मग जुळणार कसं? त्यातलं एक फास घेतं, म्हणजेच लूप. आता या लूपच्या आत, ठिपका आणि ग यांच्या मध्ये क्रॉसओव्हर झाला, की दोन नवे धागे निघतात. पहिला क ख ● ग क, दुसरा घ ख ● ग घ. एकात घ गायब, दुसऱ्यात क गायब, आणि उरलेलं टोक दुप्पट!

याचं खरं उदाहरण अमेरिकेत, कोलोराडोच्या सॅन लुईस व्हॅलीतल्या हिस्पॅनिक कुटुंबांत सापडतं. त्यांच्या रिपोर्टवर `inv(8)(p23.1q22.1)` असं असतं. वाहक स्वतः निरोगी असतात. पण त्यांच्या साधारण ६ टक्के बाळांमध्ये आठव्या गुणसूत्राचं लांब टोक जादा आणि आखूड टोक कमी असतं. अशा बाळांना हृदयाचे दोष असतात आणि बौद्धिक वाढही मागे पडते. मग उलट प्रकारचं बाळ, लांब टोक नसलेलं, का दिसत नाही? कारण एवढा मोठा भाग नसेल तर गर्भ टिकतच नाही.

पॅरासेंट्रिकमध्ये चित्र वेगळं. ● क ख ग घ आणि ● क ग ख घ यांच्यात, ख आणि ग यांच्या मध्ये क्रॉसओव्हर झाला, तर एक धागा बनतो ● क ख ग क ●. दोन ठिपके, दोन्हीकडून ओढाताण, धागा तुटतो. दुसरा घ ख ग घ, त्याला ठिपकाच नाही, तो हरवतो. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही, त्यामुळे दोष असलेलं बाळ जन्माला येणं फार विरळा.

रिपोर्ट हातात आला तर कंसातली अक्षरं बघा. `p` आणि `q` दोन्ही असतील तर पेरिसेंट्रिक. दोन्हीकडे एकच अक्षर असेल तर पॅरासेंट्रिक. पेरिसेंट्रिक असेल तर जेनेटिक काउन्सेलरला एवढंच विचारा: उलटलेल्या भागाच्या बाहेर टोकं किती उरलीत? टोकं जितकी छोटी, तितकं जादा-उणं कमी, आणि तितकंच असं बाळ जन्मापर्यंत पोचण्याची शक्यता जास्त.

भेटू पुढच्या भागात!