मेसच्या डब्यातल्या उसळीचा हिशेब

जिमला जाणाऱ्याला किंवा मधुमेह असलेल्याला आहारतज्ज्ञ सांगतात, दिवसाची प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ मोजा. जिमच्या भाषेत हेच ‘मॅक्रो’. अंडी, दूध, केळी असं काही असेल तर प्रश्न नसतो. पंचाईत होते ती मेसच्या डब्याची. मटकीची उसळ समोर आहे, पण ती कुणी केली, किती तेल ओतलं, वाटणात काय घातलं, यातलं काहीच माहीत नाही. मोबाइलमधल्या ॲपवर ‘मटकी उसळ’ टाकली तर पाच वेगवेगळे आकडे येतात, आणि ते कुणाच्या उसळीचे हे ॲपलाही ठाऊक नसतं. त्यापेक्षा डब्यातली उसळच उलगडून पाहिलेली बरी. त्यासाठी लागतो स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, चहाची मोठी गाळणी आणि एक उभट पेला.

आधी उसळीचा डबा रिकाम्या डब्याचं वजन वजा करून तोला. आपल्या उदाहरणात उसळ भरली 240 ग्रॅम. ती गाळणीत ओतून रस्सा पेल्यात निथळू द्या. गाळणीत बटाट्याच्या फोडी असतील तर त्या वेगळ्या काढा. इथे 30 ग्रॅम निघाल्या. उरलेल्या मटकीला थोडा कांदा-मसाला चिकटलेला असतो, तो वजा धरून मटकी 105 ग्रॅम समजू. बाकीचे 105 ग्रॅम म्हणजे रस्सा आणि त्यात विरघळलेलं सगळं.

आता मटकी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे जे तक्ते काढले, ते बहुतांशी कच्च्या जिनसांचे आहेत. त्यामुळे शिजलेल्या मटकीवरून कोरड्या मटकीपर्यंत मागे जावं लागतं. कोरडी मटकी भिजून, मोड येऊन, शिजली की साधारण अडीच ते तीन पट होते. मेसची मटकी दाताखाली टचटचीत लागत असेल तर अडीच धरा, बोटाने चिरडत असेल तर तीन. मधला आकडा घेतला तर 105 ग्रॅममागे कोरडी मटकी निघते सुमारे 38 ग्रॅम. कोरड्या मटकीत शंभर ग्रॅमला सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं आणि 52 ग्रॅम कर्बोदकं असतात, चरबी दोन ग्रॅमही नसते. म्हणजे या डब्यात मटकीची प्रथिनं साडेसात ग्रॅम आणि कर्बोदकं वीस ग्रॅम. अमेरिकी तक्त्यात कर्बोदकांचा आकडा साठच्या वर दिसेल, कारण तिथे तंतूही त्यातच धरतात आणि आपल्या तक्त्यात ते वेगळे असतात. म्हणून अर्धा हिशेब एका तक्त्यावरून आणि अर्धा दुसऱ्यावरून करू नये.

इथवर अंदाज चुकला तरी फार बिघडत नाही. मटकी 35 ग्रॅम असो की 42, फरक पडतो दीड ग्रॅम प्रथिनांचा आणि जेमतेम वीस कॅलरींचा. खरी गडबड रस्स्यात आहे. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला चार कॅलरी देतात, तेल नऊ. नजरेतून निसटलेला तेलाचा एक चहाचा चमचा म्हणजे चाळीस-पंचेचाळीस कॅलरी, मटकीच्या सगळ्या चुकीच्या दुप्पट.

म्हणून पेल्यातला रस्सा तासभर हलवू नका. लाल तर्री वर येऊन थर धरते. ती चहाच्या चमच्याने हळूच काढून वाटीत तोला. चमच्यात थोडा रस्साही येतो, तो वाटीच्या तळाशी बसला की वरचं तेल पुन्हा काढून घ्यायचं. समजा नऊ ग्रॅम आलं. हा तेलाचा खालचा आकडा झाला. कारण काही तेल मटकीला चिकटलेलं असतं, काही कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मिसळून गेलेलं असतं आणि ते कितीही वेळ ठेवलं तरी वर येत नाही. त्यासाठी दोन ते पाच ग्रॅम धरले तर तेल होतं 11 ते 14 ग्रॅम. तेल शेंगदाण्याचं की सूर्यफुलाचं, यावर डोकं खपवायला नको. उष्मांकाच्या हिशेबात दोन्ही सारखीच.

खोबऱ्याचा अंदाज चवीवरून आणि रस्स्याच्या दाटपणावरून बांधता येतो, पण त्याला प्रमाणाचा लगाम हवा. घरी वाटीभर, म्हणजे दोनशे ग्रॅम मटकीला किसलेलं सुकं खोबरं दोनेक मोठे चमचे, दहा-बारा ग्रॅम पडतं. आपल्या 38 ग्रॅम मटकीच्या वाट्याला ते आलं दोन-अडीच ग्रॅम, त्यातली चरबी दीड ग्रॅम. हाच लगाम तेलालाही लावून पाहू. 38 ग्रॅमला 11 ते 14, तर दोनशे ग्रॅमला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम, म्हणजे साधारण साडेचार-पाच मोठे चमचे. घरची गृहिणी कदाचित भुवया उंचावेल, पण मेसच्या पातेल्यात हे सहज खपतं. तेच उत्तर दहा चमचे आलं असतं, तर तर्री तोलताना रस्साही तोलला गेला असं समजून पुन्हा मोजायला हवं होतं.

आणखी एक ताळा वजनाचा. रस्स्याच्या 105 ग्रॅममध्ये कांदा-टोमॅटो 40, तेल 12, खोबरं अडीच, गोडसर लागतोय म्हणून गूळ दोन, मसाला-मीठ तीन. उरलेलं पंचेचाळीस ग्रॅम पाणी. पातळ रस्स्याला हे शोभतं. जिनसांची बेरीजच नव्वदच्या वर गेली असती, तर रस्सा पिठल्यासारखा घट्ट असायला हवा होता. तो तसा नसेल तर अंदाजातच कुठेतरी हात सैल सुटला आहे.

सगळं एकत्र केलं की बटाटा-कांदा-गूळ धरून प्रथिनं सुमारे 9 ग्रॅम, कर्बोदकं 31, चरबी 13 ते 17. कॅलरी तीनशेच्या आसपास, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या तेला-खोबऱ्याच्या. कडधान्य म्हणजे प्रथिनं असं समजून उसळ खाणाऱ्याने हा आकडा जरा निरखून पाहावा. तर्री काढून टाकून उरलेलं खाल्लं तर ऐंशी कॅलरी जागच्या जागी कमी होतात आणि प्रथिनांना धक्काही लागत नाही.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. पिठलं किंवा ताकातली पालकाची भाजी गाळून काहीच हाती लागत नाही, कारण बेसन पाण्यात विरलेलं असतं आणि तेलही त्यात अडकून बसतं. तिथे स्वयंपाक करणाऱ्या काकूंना विचारणंच बरं. मात्र “भाजीत तेल किती?” असं विचारलं तर “बेताचंच” हेच उत्तर येतं. त्याऐवजी महिन्याला तेलाचे डबे किती लागतात आणि जेवणारे किती, हे विचारावं. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर संपत असेल, तर माणशी रोज 25 मिलिलिटर, म्हणजे जवळपास 23 ग्रॅम. मग एका भाजीत वीस ग्रॅम तेल धरलं असेल तर ते रोज घडणं शक्य नाही, हे लगेच कळतं.

उसळ चाळणीतून गेली तरी एक गोष्ट काट्याला दिसत नाही, ती म्हणजे वाढणाऱ्याचा डाव. पातेलं न ढवळता वरून घेतला तर तर्री जास्त, तळातून घेतला तर मटकी जास्त. एकाच मेसचा सोमवारचा डबा आणि गुरुवारचा डबा यांत तेलाचा दुपटीचा फरक त्यामुळेच पडू शकतो. रोजचा डबा तोलत बसायचं नसेल, तर निदान तर्रीचा थर दर वेळी पाहावा. मटकीचा आकडा एकदा काढला की बरेच दिवस चालतो.