उणे दीडचे फॅक्टोरियल

५ चे फॅक्टोरियल म्हणजे १ ते ५ या आकड्यांचा गुणाकार, १२०. मग अर्ध्याचे फॅक्टोरियल किती? अर्ध्यापर्यंत आकडे मोजताच येत नाहीत, त्यामुळे ही व्याख्या इथेच थांबते. ऑयलरने १७२९-३० च्या सुमारास गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रांतून वाट दाखवली. आज आपण ती अशी मांडतो:

x! = ∫₀^∞ tˣ e⁻ᵗ dt

x पूर्ण संख्या असेल तर या इंटिग्रलचे उत्तर नेहमीचेच फॅक्टोरियल येते. अपूर्णांकालाही ते चालते: अर्ध्याचे फॅक्टोरियल √π/2, म्हणजे सुमारे ०.८८६. मात्र पूर्णांकांवरच्या किमती जुळवणारे हे एकमेव फलन नव्हे. त्यात sin(πx) मिळवले तरी पूर्णांकांवर काहीच बदलत नाही. ऑयलरचे सूत्र आपण निवडतो ते x! = x·(x−1)! हा नियम ते मधल्या संख्यांनाही पाळते आणि त्याचा आलेख विनाकारण हेलकावे खात नाही, म्हणून.

x उणे एकवर किंवा त्याखाली गेला की हे इंटिग्रल अनंत होते. दोष नेमका कुठे आहे ते पाहण्यासाठी इंटिग्रल t = 1 पाशी तोडू. १ पासून अनंतापर्यंतचा तुकडा कुठल्याही x ला बिनघोर चालतो, कारण e⁻ᵗ सगळे काही दाबून टाकते. बिघाड शून्यापाशी आहे. तिथे e⁻ᵗ च्या जागी 1 − t + t²/2 − t³/6 + … ही श्रेणी लिहून एकेका पदाचे इंटिग्रल काढले की मिळते:

1/(x+1) − 1/(x+2) + 1/(2(x+3)) − 1/(6(x+4)) + …

आता इंटिग्रल विसरा. ही बेरीज उणे पूर्णांक सोडून सगळीकडे, अगदी संमिश्र संख्यांनाही, अर्थपूर्ण आहे, आणि जिथे इंटिग्रल चालत होते तिथे ती त्याच्याशी तंतोतंत जुळते. यालाच विश्लेषक विस्तार म्हणतात. इथे मात्र निवडीला वाव नाही: संमिश्र प्रतलावर गुळगुळीत राहणारा असा विस्तार एकच असू शकतो. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ध्रुव, म्हणजे जिथे फलन अनंताकडे झेपावते ते बिंदू, या बेरजेच्या छेदांतच लिहिलेले आहेत: −१, −२, −३, −४… अंश त्यांचे बळ सांगतात: १, −१, १/२, −१/६. पडताळायचे तर x = −0.999 घ्या, उत्तर सुमारे ९९९.४ येते. −1.001 ला ते सुमारे −१०००.६ होते.

−१ आणि −२ यांच्या मधोमध −१.५ आहे. वरच्या नियमाने त्याचे फॅक्टोरियल म्हणजे (−1/2)! भागिले −1/2. (−1/2)! = √π, म्हणून उत्तर −2√π, सुमारे −३.५४५. इंटिग्रलमधली प्रत्येक किंमत धन होती, तरी विस्तारित फलन इथे ऋण आहे.