ग्राहक का घेतात आणि कुठे अडखळतात : दूरध्वनी-संवादातून शोध

थेट ग्राहकाला माल विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे विक्रीचे आकडे असतात. कोणी किती किलो घेतले, कोणत्या महिन्यात घेतले, पुन्हा मागणी आली की नाही, हे नोंदवहीत सापडते. ग्राहकाने पहिली मागणी नोंदवण्यापूर्वी किती दिवस विचार केला आणि त्या दिवसांत त्याचे मन कशामुळे मागे सरत होते, हे मात्र त्या वहीत नसते. ते जाणून घेण्याचा अल्पखर्चिक मार्ग म्हणजे सध्याच्या आठ-दहा ग्राहकांशी दूरध्वनीवरून प्रत्येकी वीस ते तीस मिनिटे पद्धतशीर बोलणे.

ही पद्धत समजून घेण्यासाठी ऊस उत्पादकांच्या एका कंपनीचे उदाहरण घेता येईल. समजा, ही कंपनी रसायनविरहित गुळाच्या १ किलोच्या ढेपा तयार करून पुणे, ठाणे आणि अहमदाबाद येथील कुटुंबांना पार्सलने पाठवते. किमान मागणी ५ किलोची आहे. भाव किलोला ११० रुपये आहे आणि बाजारातील पिवळा गूळ त्याहून बराच स्वस्त मिळतो. चौकशी करणारे पुष्कळ, प्रत्यक्ष घेणारे थोडे, अशी स्थिती आहे. भाव जास्त असल्यामुळे लोक मागे फिरतात, असे संचालकांचे मत असून किलोमागे १५ रुपये कमी करण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आहे. हंगामात ६,००० किलो गूळ विकला जात असेल, तर या निर्णयाने ९०,००० रुपयांचे उत्पन्न घटेल. ते निदान बरोबर आहे का, हे आधी तपासणे शहाणपणाचे ठरते.

कोणाला विचारावे

ज्यांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा खरेदी केली, असे ग्राहक प्रथम निवडावेत. त्यांना खरेदीपूर्वीची घालमेल आठवते. तीन वर्षे नियमित गूळ घेणाऱ्याला ती आठवत नाही. तो आज जे वाटते तेच तेव्हाही वाटत होते असे सांगतो. संचालकांचे नातेवाईक, गावाकडची ओळखीची माणसे आणि घाऊक घेणारे दुकानदार यांना यादीतून वगळावे. ओळखीचा माणूस भिडेपोटी गोड बोलतो आणि दुकानदाराची कारणे घरच्या स्वयंपाकघराची नसतात.

साधारण पंधरा जणांना आदल्या दिवशी संदेश पाठवावा. विक्रीसाठी फोन नाही, तुमचा अनुभव ऐकायचा आहे, पंचवीस मिनिटे लागतील, सोयीची वेळ कळवा, एवढाच मजकूर पुरतो. मागणी नोंदवताना ग्राहकाने ज्या क्रमांकाशी संपर्क केला होता, त्याच क्रमांकावरून फोन करावा. अनोळखी क्रमांक अनेकजण उचलत नाहीत. संभाषण ध्वनिमुद्रित करायचे असल्यास सुरुवातीलाच स्पष्ट परवानगी घ्यावी. परवानगी न मिळाल्यास एकाने बोलावे आणि दुसऱ्याने ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत.

काय विचारावे

‘तुम्ही आमचा गूळ का घेता?’ हा प्रश्न सरळ विचारल्यास उत्तर ठरलेले येते : शुद्ध आहे, आरोग्याला चांगला आहे. हे उत्तर खोटे नसते. परंतु त्यातून कंपनीला काही करता येत नाही, कारण ज्यांनी गूळ घेतला नाही त्यांनाही तो शुद्ध असल्याचे सांगितलेलेच होते. म्हणून कारण विचारण्याऐवजी घटनाक्रम विचारावा. पहिली मागणी कधी नोंदवली? त्याआधी घरात कोणता गूळ होता? आमच्या गुळाबद्दल पहिल्यांदा कोणाकडून ऐकले? ऐकल्यावर किती दिवसांनी मागवला? त्या दिवसांत काय घडले? घरात कोणाशी बोलणे झाले? माणसाला स्वतःची कारणे नेमकी सांगता येत नाहीत, पण प्रसंग सांगता येतात, आणि कारणे त्या प्रसंगांत दडलेली असतात.

पुण्यातील एका गृहिणीशी होणारा संवाद साधारण असा पुढे जाईल. गूळ शुद्ध म्हणून घेतो, असे त्या आरंभी सांगतात. विचारणारी व्यक्ती त्यावर थांबत नाही.

‘ताई, पहिल्यांदा मागवला तो दिवस आठवतो का?’

‘संक्रांतीच्या आधी. तिळाचे लाडू करायचे होते.’

‘आणि नाव कधी ऐकलं होतं?’

‘ते दिवाळीतच. ऑफिसमधल्या मैत्रिणीनं डब्यात आणला होता.’

दिवाळी ते संक्रांत म्हणजे जवळपास दोन महिने. हीच ती जागा, जिथे अडथळा लपलेला असतो. मधल्या काळात काय झाले, असे विचारल्यावर त्या सांगतात की मैत्रिणीने दिलेला तुकडा घरी नेला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘हा काळा पडलेला जुना गूळ आहे, पावसाळा खाल्लेला.’ त्यानंतर विषय मागे पडला. शिवाय पाच किलो एकदम घ्यायचा आणि आवडला नाही तर काय करायचे, हाही प्रश्न होता. मग शेवटी घेतला कसा? ‘मैत्रीण म्हणाली, आपण दोघी मिळून मागवू. अर्धा तिचा, अर्धा माझा.’

या संवादात भावाचा उल्लेख नाही. अडथळे दोन होते, रंग आणि किमान मागणी. त्यांपैकी दुसरा ग्राहकाने स्वतःच युक्तीने ओलांडला. ग्राहकाने अडथळा ओलांडण्यासाठी केलेली अशी खटपट विशेष लक्षपूर्वक टिपावी. ज्यांना अशी मैत्रीण नव्हती, ते त्याच जागी थांबले असण्याची शक्यता मोठी असते.

बोलताना होणाऱ्या चुका

पहिली चूक उत्तर सुचवण्याची. ‘भाव जास्त वाटला का?’ असे विचारल्यास बहुतेकजण हो म्हणतात. स्वस्त मिळावे असे कोणाला वाटत नाही? भावाचा विषय ग्राहकाने स्वतः काढला तरच त्यावर बोलावे. दुसरी चूक भविष्याबद्दल विचारण्याची. ‘काकवी सुरू केली तर घ्याल का?’ या प्रश्नाला सौजन्याने होकार मिळतो, पण त्यावरून उत्पादन ठरवणे धोक्याचे असते. तिसरी चूक समर्थनाची. सासूबाईंचे मत ऐकताच ‘नाही हो, नैसर्गिक गुळाचा रंग असाच असतो’ असे समजावू लागल्यास ग्राहक पुढचे बोलणे आवरते घेतो. तक्रार निघाल्यास ती नोंदवावी आणि तिचे निराकरण त्याच दिवशी स्वतंत्र फोनवर करावे. ग्राहक थबकला, तर काही क्षण शांत राहावे. त्या शांततेनंतर येणारे वाक्य पुष्कळदा सर्वांत उपयुक्त असते.

संभाषण चुकीच्या दिशेने गेले की नाही, हे टिपण पाहून ओळखता येते. टिपणात तारखा, माणसे आणि प्रसंग असतील तर माहिती हाती आली. केवळ ‘छान’, ‘शुद्ध’, ‘दर्जेदार’ अशी विशेषणे असतील तर ते संभाषण निष्फळ समजावे.

टिपणांचे वर्गीकरण

फोन संपल्यावर तासाभरात टिपण पूर्ण करावे आणि ग्राहकाची वाक्ये चार रकान्यांत लिहावीत. बॉब मोएस्टा आणि क्लेटन ख्रिस्टेन्सन यांच्या मांडणीमुळे ही चौकट विपणनक्षेत्रात परिचित झाली आहे. पहिल्या रकान्यात जुन्या वस्तूबद्दल काय खटकत होते; दुसऱ्यात नव्या वस्तूने काय ओढले; तिसऱ्यात नव्याबद्दल कोणती धास्ती वाटली; चौथ्यात कोणती जुनी सवय आड आली. पहिल्या दोन गोष्टी ग्राहकाला खरेदीकडे नेतात, शेवटच्या दोन मागे खेचतात. जाहिरात बहुधा दुसऱ्या रकान्यावरच सगळा भर देते, तर अडलेली विक्री तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यांत सापडते.

उदाहरणातील कंपनीने नऊ ग्राहकांशी बोलून असा तक्ता केला, असे समजू. तिसऱ्या रकान्यात सहा जणांनी गडद रंगाची शंका सांगितली. चौघांना गुळाने चहा फाटेल अशी धास्ती होती. पाच किलोचे प्रमाण आणि पावसाळ्यात गूळ पाझरण्याची भीती तिघांच्या बोलण्यात आली. भावाचा उल्लेख दोघांनी केला, पण त्या दोघांनीही चौकशीच्या दिवशीच मागणी नोंदवली होती. म्हणजे भाव त्यांना जाणवला, पण त्याने त्यांना थांबवले नाही.

येथे संचालकांचे निदान बदलते. पाझरण्याची भीती आणि मोठी मागणी यांवर उपाय म्हणजे १ किलोचे पहिले पार्सल आणि हवाबंद डब्यात ठेवण्याची सूचना, कारण गूळ हवेतील ओलावा शोषून मऊ होतो. चहासाठी गूळ पाण्यात उकळून, आच बंद केल्यावर गरम दूध वेगळे घालावे, असे छोटे पत्रक पार्सलमध्ये देता येते. रंगाबाबत, हायड्रॉससारख्या विरंजकाने गूळ उजळ पिवळा दिसतो आणि त्याविना रस आटवताना तो तपकिरी राहतो, हे दोन्ही ढेपांच्या छायाचित्रासह मागणीपूर्वीच सांगता येते. या उपायांचा खर्च ९०,००० रुपयांच्या तुलनेत किरकोळ आहे.

मर्यादा

नऊ संभाषणांतून कारणे समजतात, त्यांचे प्रमाण समजत नाही. ‘६७ टक्के ग्राहकांना रंग आवडत नाही’ असे विधान यावरून करणे चूक ठरेल. किती संभाषणे पुरतात, याबाबत गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा अभ्यास नेहमी उद्धृत होतो. घाना आणि नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासताना बहुतेक विषय पहिल्या १२ मुलाखतींत आणि मुख्य विषय पहिल्या ६ मुलाखतींतच समोर आले होते. मात्र ते सारखी पार्श्वभूमी असलेल्या उत्तरदात्यांपुरते होते. पुण्यातील घरे आणि अहमदाबादमधील घरे यांचा गुळाचा वापर वेगळा असल्यास दोन्हींकडे स्वतंत्र पाच-सहा संभाषणे करावी लागतात, आणि अहमदाबादच्या ग्राहकाशी त्याला सोयीच्या भाषेत, गुजरातीत किंवा हिंदीत, बोलावे लागते. सलग दोन-तीन संभाषणांत नवे काही निघाले नाही, तर तेथे थांबण्यास हरकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. हे सारे अडथळा ओलांडून आलेले लोक आहेत. जो अडथळा कोणालाच ओलांडता आला नाही, तो त्यांच्या बोलण्यात येणारच नाही. भावही तसा असू शकतो. म्हणून चौकशी करून न घेतलेल्या तीन-चार जणांशीही बोलावे. त्यानंतर उपाय अमलात आणून नोंद ठेवावी : उपायापूर्वीच्या महिन्यात किती चौकशांपैकी किती मागण्या झाल्या आणि नंतरच्या महिन्यात किती. संक्रांतीपूर्वीच्या महिन्याची तुलना मार्चशी करू नये, कारण तिळगुळाच्या सणाने आकडे आपोआप वाढतात. हे प्रमाण हलले नाही, तर भावकपातीचा प्रस्ताव पुन्हा विचारात घेता येतो. तोपर्यंत भाव आहे तोच ठेवावा.